मीटर लावला की व्होल्टेज का उतरतं? जास्त रेझिस्टन्सच्या डिव्हायडरवर मोजमाप करताना

सप्लाय बरोबर १२.०० व्होल्टला लावा. त्यावर १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये जोडा आणि मधल्या बिंदूवर किती व्होल्टेज आहे ते मोजा. दोन्ही रेझिस्टर सारखे, म्हणजे निम्मं व्होल्टेज, ६ व्होल्ट. कागदावर एवढं सोपं आहे. आता दुकानात सगळ्यात स्वस्त मिळतो तो पिवळा DT830 लावा: पडद्यावर ४.०० येतं. १० मेगाओहम इनपुटचा बरा डिजिटल मीटर लावला तर ५.७१. काट्याचा मीटर १० व्होल्टच्या रेंजवर लावला तर काटा १.७ च्या जवळ थांबतो, आणि तोच मीटर ५० व्होल्टच्या रेंजवर नेला की ४ दाखवतो.

तीन मीटरांची चार उत्तरं, आणि बिघडलेला एकही नाही. प्रत्येकाने खरंच सांगितलं आहे. DT830 लावलेला असताना त्या बिंदूवर खरोखर ४ व्होल्टच असतात. मीटर काढला की तिथे पुन्हा ६ होतात, फक्त ते बघायला मीटर नसतो. हा प्रकार म्हणजे लोडिंग. तो ओळखायचा कसा, किती चूक होते ते काढायचं कसं आणि टाळायचं कसं, ते क्रमाने बघू.

मायक्रोअँपिअरचा हिशेब

व्होल्टमीटर म्हणजे आतून एक मोठा रेझिस्टरच. तो ज्या दोन बिंदूंना लावाल त्यांच्यामध्ये तो रेझिस्टर जोडला जातो. DT830 चा हा रेझिस्टन्स १ मेगाओहम असतो.

मीटर लावण्याआधी सर्किटमध्ये एकूण २ मेगाओहम आहेत, म्हणून करंट ६ मायक्रोअँपिअर. दोन्ही रेझिस्टरवर सहा-सहा व्होल्ट. आता खालच्या रेझिस्टरला मीटर लावला. खाली १ मेगाओहमला समांतर आणखी १ मेगाओहम आला, त्यामुळे खालचा भाग ०.५ मेगाओहमचा झाला. एकूण दीड मेगाओहम. करंट वाढून ८ मायक्रोअँपिअर झाला आणि हा सगळा करंट वरच्या रेझिस्टरमधूनच यायला हवा. तिथे ८ व्होल्ट खर्ची पडले, खाली ४ उरले. त्या ८ मायक्रोअँपिअरपैकी ४ खालच्या रेझिस्टरमधून जातात आणि ४ मीटरमधून. मीटर डिव्हायडरच्या बरोबरीने करंट ओढतो आहे.

हेच १ किलोओहमचे दोन रेझिस्टर असते तर डिव्हायडरमधून ६ मिलिअँपिअर वाहिले असते. मीटरचे ६ मायक्रोअँपिअर म्हणजे त्याचा हजारावा भाग. पडद्यावर ६.०० आलं असतं आणि काही कळलंही नसतं. नवशिक्यांचे पहिले प्रयोग बहुधा किलोओहममध्येच होतात, म्हणून ही अडचण पुढे अचानक समोर येते आणि दोष आधी रेझिस्टरवर जातो, मग मीटरवर.

मग मेगाओहम वापरायचेच कशाला? बॅटरीवर सतत जोडलेला डिव्हायडर हे त्याचं नेहमीचं कारण. १ किलोओहमचे दोन रेझिस्टर १२ व्होल्टवर दिवसाला १४४ मिलिअँपिअर-तास खातात. ७ अँपिअर-तासाची बॅटरी दुसरं काही न चालवता ४८ दिवसांत संपते. मेगाओहमचा डिव्हायडर तेवढ्याच वेळात याचा हजारावा भाग घेतो.

तीन ओळींचं गणित

मधल्या बिंदूवरून डिव्हायडरकडे पाहिलं तर तो एका व्होल्टेज सोर्ससारखा वागतो, आणि त्या सोर्सला स्वतःचा एक अंतर्गत रेझिस्टन्स असतो. हे थेवनिनचं प्रमेय, १८८३ सालचं. हा अंतर्गत रेझिस्टन्स म्हणजे वरचा आणि खालचा रेझिस्टर एकमेकांना समांतर धरल्यावर येतो तो, कारण सप्लायचा स्वतःचा रेझिस्टन्स त्यांच्यापुढे नगण्य असतो.

```
Rs = R1 * R2 / (R1 + R2)
Vm = V0 * Rm / (Rm + Rs)
E  = 100 * Rs / (Rm + Rs)
```

`R1` वरचा रेझिस्टर, `R2` खालचा, `Rs` डिव्हायडरचा अंतर्गत रेझिस्टन्स, `Rm` मीटरचा. `V0` म्हणजे मीटर नसतानाचं खरं व्होल्टेज, `Vm` म्हणजे पडद्यावर दिसणारं आणि `E` म्हणजे टक्क्यांतली चूक.

आपल्या उदाहरणात `Rs` ०.५ मेगाओहम आहे. `Rm` १० मेगाओहम धरला तर ६ × १० ÷ १०.५, म्हणजे ५.७१ व्होल्ट. चूक ४.८ टक्के. `Rm` १ मेगाओहम धरला तर ६ × १ ÷ १.५, म्हणजे ४ व्होल्ट. चूक ३३ टक्के.

या सूत्रातल्या दोन गोष्टी ध्यानात ठेवा. चुकीच्या टक्केवारीत सप्लायचं व्होल्टेज कुठेच येत नाही. १२ च्या जागी ५ व्होल्ट दिले तरी टक्का तोच. आणि ही चूक नेहमी एकाच बाजूला जाते: आकडा कमीच दिसतो. अपेक्षेपेक्षा जास्त आकडा आला तर कारण दुसरं शोधायला हवं.

चूक १ टक्क्याच्या आत हवी असेल तर मीटरचा रेझिस्टन्स `Rs` च्या साधारण १०० पट लागतो. म्हणजे १० मेगाओहमच्या मीटरने १०० किलोओहमपर्यंतचा `Rs` निर्धास्त मोजता येतो, DT830 ने १० किलोओहमपर्यंतचा, आणि काट्याच्या मीटरच्या १० व्होल्टच्या रेंजवर जेमतेम २ किलोओहमपर्यंतचा. DT830 च्या माहितीपत्रकात डीसी व्होल्टसाठी अर्ध्या टक्क्याच्या आसपासची अचूकता लिहिलेली असते. ती खोटी नाही, पण ती आकडा मीटरच्या टोकांवर पोहोचल्यानंतरची आहे. मीटरने तो आकडा आधीच खाली ओढला असेल तर त्याची जबाबदारी तिच्यात येत नाही.

पहिलं काम: आपल्या मीटरचा रेझिस्टन्स शोधा

काट्याच्या मीटरवर तो तबकडीच्या कोपऱ्यात छापलेला असतो, बहुतेक वेळा `20kΩ/V` असा. याचा अर्थ दर व्होल्टमागे २० किलोओहम. इथे हमखास एक चूक होते: काटा ३ व्होल्टवर असेल तर लोक ३ ने गुणतात. गुणायचं ते रेंजच्या कमाल आकड्याने. १० व्होल्टची रेंज निवडली की रेझिस्टन्स २०० किलोओहम, मग काटा कुठेही असो. ५० ची रेंज निवडली की १ मेगाओहम. म्हणूनच सुरुवातीच्या उदाहरणात रेंज बदलल्याबरोबर आकडा १.७ वरून ४ वर गेला. एरवी रेंज बदलल्यावर उत्तर जवळपास तेच राहायला हवं. ते इतकं हललं तर समजा, मीटर सर्किटला ओढतो आहे.

डिजिटल मीटरचा रेझिस्टन्स माहितीपुस्तिकेत मिळतो. पुस्तिका नसेल तर पाच मिनिटांत काढता येतो:

१. ९ व्होल्टची बॅटरी घ्या आणि २० व्होल्टच्या रेंजवर थेट मोजा. समजा ९.२० आलं.

२. मीटरच्या लाल प्रोबच्या वाटेत १ मेगाओहमचा, १ टक्क्याचा रेझिस्टर सिरीजमध्ये घाला. क्रोकोडाइल क्लिप वापरा, टोकं बोटांनी धरू नका. रेंज तीच ठेवा आणि पुन्हा मोजा.

३. दुसऱ्या आकड्याला दोन आकड्यांमधल्या फरकाने भागा. उत्तर मेगाओहममध्ये येतं.

दुसऱ्यांदा ४.६० आलं तर ४.६० ÷ ४.६० = १, म्हणजे मीटर १ मेगाओहमचा. ८.३६ आलं तर ८.३६ ÷ ०.८४, साधारण १० मेगाओहम. दुसऱ्या बाबतीत फरक लहान असल्यामुळे शेवटच्या आकड्याची थोडीशी चूकही उत्तर हलवते. म्हणून १० मेगाओहमचा रेझिस्टर हाताशी असेल तर तो वापरा आणि उत्तराला १० ने गुणा. आकडा निम्म्यावर आला की मीटर १० मेगाओहमचा.

ही चाचणी ज्या रेंजवर पुढे काम करणार आहात त्याच रेंजवर करा. काही मीटरांचा मिलिव्होल्टच्या रेंजवरचा रेझिस्टन्स व्होल्टच्या रेंजपेक्षा पुष्कळ जास्त असतो. आणि मीटरवर `LoZ` अशी खूण असेल तर या कामाला ती रेंज अजिबात नको. तारांवरचं फसवं व्होल्टेज घालवण्यासाठी त्या रेंजमध्ये मीटर मुद्दाम काही किलोओहमचा केलेला असतो. मेगाओहमच्या डिव्हायडरवर तो जवळजवळ शून्य दाखवेल.

लोडिंग की चुकीचे रेझिस्टर?

६ ऐवजी ४ आला की संशय येतोच. खरा घोटाळा ५.७१ ला होतो. ५ टक्क्यांचे साधे कार्बन रेझिस्टर असतील (१ मेगाओहमला तपकिरी, काळा, हिरवा आणि सोनेरी पट्टा) तर वरचा ५ टक्के जास्त आणि खालचा ५ टक्के कमी निघाल्यास मधल्या बिंदूवर ५.७० व्होल्टच येतात. म्हणजे १० मेगाओहमच्या मीटरमुळे होणारी चूक आणि रेझिस्टरच्या टॉलरन्समुळे होणारी जास्तीत जास्त चूक जवळपास सारखीच दिसते. मग लोक "रेझिस्टर हलके आहेत" म्हणतात, आणखी चार बदलून बघतात, आणि आकडा दर वेळी थोडा वरखाली होऊनही ६ ला काही पोहोचत नाही.

म्हणून प्रयोगाला १ टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर घ्या. १ मेगाओहमला पाच पट्टे असतात: तपकिरी, काळा, काळा, पिवळा, तपकिरी. दोघे एकमेकांच्या उलट दिशेने चुकले तरी खरं व्होल्टेज ५.९४ ते ६.०६ मध्येच राहतं. आकडा त्याहून खाली गेला तर रेझिस्टर सुटले, मीटरला धरा.

दुसरी चाचणी याहून सरळ आहे. मीटर लावलेला असू द्या, आकडा लिहून ठेवा आणि मीटरच्या दोन टोकांना समांतर १० मेगाओहमचा रेझिस्टर जोडा. दुसरा मीटर असेल तर तो लावला तरी चालेल. १० मेगाओहमच्या मीटरवर ५.७१ चे लगेच ५.४५ होतील. एका मीटरने इतकं ओढलं आणि दुसऱ्याने आणखी ओढलं, म्हणजे पहिलाही ओढत होताच. दुसरा जोडूनही आकडा हलला नाही तर ते व्होल्टेज भक्कम आहे, चूक दुसरीकडे शोधा.

तिसरी खूण म्हणजे बेरीज. खालच्या रेझिस्टरवर मोजा, मग वरच्या रेझिस्टरवर मोजा आणि दोन्ही आकडे मिळवा. DT830 ने दोन्ही ठिकाणी ४.०० येईल. बेरीज ८, आणि सप्लाय तर १२ चा. बाकीचे ४ व्होल्ट कुठे गेले? कुठेच नाही. दोन मोजमापं दोन वेगळ्या सर्किटांची आहेत: एकात मीटर खाली जोडलेला, दुसऱ्यात वर.

बेरजेतूनच खरं उत्तर काढता येतं

हा भाग कमी लोकांना माहीत असतो आणि स्वस्त मीटरवाल्यांना सगळ्यात उपयोगी आहे.

खऱ्या कामातलं उदाहरण घेऊ. १२ व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीवर नजर ठेवायला मायक्रोकंट्रोलर लावला आहे. वर ३.३ मेगाओहम, खाली १ मेगाओहम. बॅटरीची टोकं थेट मोजल्यावर १२.६० येतात. मधल्या बिंदूवर असायला हवेत १२.६० ÷ ४.३, म्हणजे २.९३ व्होल्ट. DT830 तिथे १.६६ दाखवतो. वरच्या रेझिस्टरवर ५.४७. दोन्हींची बेरीज ७.१३.

आता खालच्या आकड्याला बेरजेने भागा आणि बॅटरीच्या व्होल्टेजने गुणा:

```
V0 = Vb * V2 / (V1 + V2)
V0 = 12.60 * 1.66 / (5.47 + 1.66) = 2.93
```

४३ टक्के चुकणाऱ्या मीटरने २.९३ बरोबर काढले, आणि त्यासाठी मीटरचा किंवा रेझिस्टरांचा रेझिस्टन्सही माहीत असण्याची गरज पडली नाही.

हे जमतं याचं कारण असं. मीटर खाली लावा किंवा वर लावा, त्याला समोर दिसणारा `Rs` एकच असतो, कारण दोन्ही वेळा तो वरच्या आणि खालच्या रेझिस्टरचा समांतर जोडच असतो. त्यामुळे दोन्ही आकडे एकाच पटीने खाली येतात. इथे ती पट ०.५६६ आहे. दोन्ही आकडे चुकीचे, पण त्यांचं एकमेकांशी गुणोत्तर शाबूत. बॅटरीचा रेझिस्टन्स अगदी कमी असल्यामुळे तिचं व्होल्टेज थेट मोजताना लोडिंग होत नाही, म्हणून तो १२.६० चा आकडा खरा धरता येतो आणि बाकी हिशेब त्याच्या आधाराने लागतो.

अटी तीन. दोन्ही मोजमापं एकाच रेंजवर घ्या. काट्याच्या मीटरला ही अट फारच कडक आहे, कारण रेंज बदलली की त्याचा रेझिस्टन्सच बदलतो. मोजताना बॅटरीचं व्होल्टेज स्थिर असायला हवं, म्हणजे चार्जर आणि भार मध्येच चालू-बंद करू नका. आणि मधल्या बिंदूला करंट ओढणारं तिसरं काही जोडलेलं असेल, उदाहरणार्थ गळका कपॅसिटर, तर उत्तरात त्याचाही परिणाम येईल; ती चूक या पद्धतीने जात नाही.

मीटर लावूनच कॅलिब्रेशन केलं तर

याच डिव्हायडरवर एक नेहमीचा घोळ होतो. मधल्या बिंदूला १० मेगाओहमचा मीटर लावलेला असतो, तिथे २.७२ दिसतात आणि मायक्रोकंट्रोलरलाही तेव्हा तेच मिळतात, कारण मीटरने बिंदू खरोखर २.७२ वर आणलेला असतो. मग प्रोग्राममधला गुणक बदलत बदलत स्क्रीनवर १२.६० आणला जातो. खरा गुणक ४.३० हवा, बसवला जातो ४.६३. मीटर काढल्यावर बिंदू २.९३ वर येतो आणि स्क्रीन १३.५७ व्होल्ट दाखवायला लागते. १२.६० ची बॅटरी नुसती पडून असते आणि आकडा बघणाऱ्याला वाटतं ती चार्ज होते आहे. उलट बॅटरी उतरत आली तरी आकडा ठीक दिसतो, आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरी अशीच खोलवर रिकामी होऊन खराब होते.

म्हणून मधला बिंदू मोजून कॅलिब्रेशन करू नका. मीटर बॅटरीच्या टोकांना लावा. तिथे लोडिंग नाही. तो आकडा आणि मायक्रोकंट्रोलरने वाचलेला कच्चा आकडा यांच्यावरून गुणक ठरवा. मधल्या बिंदूपासून ग्राउंडपर्यंत ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर जरूर लावा. मायक्रोकंट्रोलरचा एडीसी प्रत्येक वाचनाला एक छोटा कपॅसिटर भरून घेतो, आणि इतक्या मोठ्या रेझिस्टन्समधून तो वेळेत भरत नाही. ATmega328 च्या डेटाशीटमध्ये त्यासाठी सोर्सचा रेझिस्टन्स साधारण १० किलोओहमपर्यंत ठेवायला सांगितलं आहे. बाहेरचा कपॅसिटर तो चार्ज तयार ठेवतो. मात्र सेकंदाला शेकडो वाचनं घेत सुटू नका, कपॅसिटरला पुन्हा भरायला वेळ द्या. सर्किट सुरू केल्यावर पहिला अर्धा सेकंद जाऊ द्या.

मीटर आहे तोच ठेवून नेमकं मोजायचं असेल तर

एक जुनी युक्ती आहे: मीटरमधून करंट जाऊच द्यायचा नाही. पोगेनडॉर्फने १८४१ मध्ये हीच कल्पना वापरली, आणि बारावीच्या भौतिकशास्त्रातला पोटेन्शिओमीटर त्याच तत्त्वावर चालतो. आपल्याला लागतं १० किलोओहमचं एक मल्टिटर्न पॉट.

पॉटची दोन टोकं त्याच १२ व्होल्टच्या सप्लायला जोडा. मीटरचं एक टोक डिव्हायडरच्या मधल्या बिंदूला आणि दुसरं पॉटच्या मधल्या पायाला. सुरुवात २० व्होल्टच्या रेंजवर करा आणि पॉट फिरवत आकडा शून्याकडे आणा. शून्याच्या जवळ आलात की रेंज २०० मिलिव्होल्टवर आणा आणि पुन्हा शून्य साधा. आता मीटरच्या दोन्ही टोकांवर सारखंच व्होल्टेज आहे, म्हणून त्याच्यातून करंट जात नाही आणि डिव्हायडरला त्याचा पत्ताही नाही. पॉटला हात न लावता मीटर पुन्हा २० व्होल्टच्या रेंजवर घ्या आणि तो पॉटचा मधला पाय आणि सप्लायचं ऋण टोक यांच्यामध्ये लावा. पॉटचा अंतर्गत रेझिस्टन्स मध्यावर २.५ किलोओहम असतो, त्यामुळे DT830 नेसुद्धा चूक पाव टक्क्याच्या आसपास राहते. ज्या मीटरने ४.०० दाखवलं होतं, तोच आता ५.९८ किंवा ५.९९ दाखवेल.

वारंवार मोजायचं असेल तर ही कसरत परवडत नाही. तिथे ऑप-अँपचा बफर लावा. दुकानात ३१४० मागा. अंगावर CA3140 छापलेलं असतं. पाय ७ ला १२ व्होल्ट, पाय ४ ला ग्राउंड, दोन्हींच्या मध्ये ०.१ मायक्रोफॅरड. डिव्हायडरचा मधला बिंदू पाय ३ ला. पाय ६ आणि पाय २ एकमेकांना जोडा आणि मीटर पाय ६ वर लावा. याचा इनपुट करंट काही पिकोअँपिअर, म्हणजे मेगाओहमच्या डिव्हायडरलाही जाणवू नये इतका. स्वतःची ऑफसेट चूक साधारण ५ मिलिव्होल्ट असते, जी ६ व्होल्टमध्ये खपून जाते.

त्याच जागी घरात पडलेला ७४१ लावायचा मोह आवरा. त्याचा इनपुट करंट साधारण ८० नॅनोअँपिअर असतो. ०.५ मेगाओहममधून तो गेला की ४० मिलिव्होल्टची चूक, आणि एखादा नग जास्तीत जास्त मर्यादेवरचा म्हणजे ५०० नॅनोअँपिअरचा निघाला तर पाव व्होल्ट. लोडिंग घालवायला आणलेला भागच लोड होऊन बसतो.

हात, ओल आणि फ्लक्स

मेगाओहमच्या सर्किटमध्ये मीटरशिवायही समांतर रेझिस्टर येऊन बसतात. सगळ्यात पहिला आपल्या बोटांचा. दोन्ही प्रोबची धातूची टोकं चिमटीत धरली की शरीर त्यांना समांतर जोडलं जातं. घामेजल्या हाताचा रेझिस्टन्स काहीशे किलोओहमही असू शकतो, आणि आकडा हात दाबाल तसा हलतो. रेझिस्टर ओहमच्या रेंजवर तपासतानाही हेच होतं. १ मेगाओहमचा रेझिस्टर ७०० किलोओहमचा दिसला तर आधी हात बघा.

दुसरी वाट पीसीबीवरच्या फ्लक्सची. सोल्डरिंगनंतर पायांमध्ये राहिलेला चिकट थर कोरड्या दिवसांत गप्प असतो आणि पावसाळ्यात, विशेषतः कोकणासारख्या दमट हवेत, ओल धरून करंट वाहू देतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश यांनी जागा घासून वाळवा आणि पुन्हा मोजा. आकडा वर सरकला तर कारण सापडलं.

वर सांगितलेलं कुठे करू नये

हे सगळे प्रयोग १२ व्होल्टवर करा. घरातल्या २३० व्होल्टच्या लाइनवर डिव्हायडर बांधून ते करू नका.

उच्च व्होल्टेजच्या तयार प्रोबबद्दल मात्र एक गोष्ट माहीत असायलाच हवी. १००० पट भागणारे किलोव्होल्टचे प्रोब १० मेगाओहमचा मीटर जोडला जाईल असं गृहीत धरून बनवतात. १००० मेगाओहमच्या अशा प्रोबमध्ये खालचा रेझिस्टर साधारण १.११ मेगाओहमचा ठेवतात, म्हणजे मीटरचे १० मेगाओहम समांतर आले की बरोबर १ मेगाओहम होतो. इथे लोडिंग आधीच हिशेबात धरलेलं असतं. त्याला १ मेगाओहमचा स्वस्त मीटर लावला तर खालचा भाग ०.५३ मेगाओहमचा होतो आणि ३० किलोव्होल्टच्या जागी १६ पेक्षाही कमी दिसतात. अशा प्रोबला कोणता मीटर लावायचा ते त्याच्या मुठीवर किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ते वाचा आणि मीटरचा रेझिस्टन्स वरच्या ९ व्होल्टच्या चाचणीने आधी तपासून घ्या.